आमच्या कारखान्यात फंड आला तेव्हा

बी.कॉम. झाले आणि वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, चादरीच्या कारखान्यात हिशेब बघायला बसू लागले, त्या वर्षीची गोष्ट. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधले माग आणि दाराजवळ माझं टेबल. त्या दिवाळीला कारखान्याला पाच वर्षं पुरी होणार होती. वीस ते पन्नास माणसं असलेल्या नव्या कारखान्याला प्रॉव्हिडंट फंडातून तेवढी वर्षं सूट असते, पुढे नोंदणी करावी लागते, हे आप्पांना बाजारात कुणीतरी सांगितलं. पण ज्यानं सांगितलं त्यानंच वर सल्लाही दिला.

"हजेरीपटावर एकोणीसच हायत न्हवं? मग तुमाला फंड लागू न्हाय. वीस झाले तर लागतो."

आप्पा घरी येऊन जेवताना ते बोलले. मी म्हणाले, "आणि कांड्या भरणाऱ्या तिघी?"

आमच्याकडे तीन विणकरांच्या बायका रोज येऊन मागाला लागणाऱ्या कांड्यांवर सूत भरत. पण त्यांची नावं कुठंच नव्हती. त्यांची मजुरी नवऱ्याच्या पगारात मिळवून नवऱ्याच्याच हातात दिली जाई. सोलापुरात सगळीकडे असंच चाले आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नसे.

"इन्स्पेक्टरला इचारू," आप्पा शेवटी म्हणाले. "लपवायचं कशाला? पण मागचं भरायला लावलं तर माग इकायची पाळी यील."

त्या आठवड्यात आप्पांना झोप नव्हती. फंडाचे इन्स्पेक्टर आले तेव्हा मीच चहा द्यायला उठले. साहेब साधे होते, बाहीवर शाईचा डाग. त्यांनी हजेरीपट पाहिला, मग शेडमध्ये फिरून आले.

"कांड्या कोण भरतं?"

"बायका हायत," आप्पा म्हणाले. "नवऱ्याबरोबर येत्यात."

"तुमच्या कारखान्यात, तुमच्या कामासाठी, मजुरीवर येतात ना? मग त्या तुमच्याच कामगार. बावीस झाले."

"मागचं किती भरायचं?" आप्पांनी विचारलं.

"मागचं कसलं? तुमची सूट या महिन्यात संपते. पुढच्या महिन्यापासून त्यांचे सव्वासहा टक्के, तुमचे तेवढेच. त्यावर ऑफिसचा थोडा खर्च. दर महिन्याला चलनानं बँकेत भरा, म्हणजे झालं."

आप्पा खुर्चीत मागे टेकले. इतका वेळ ते काठावर बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. आता तिघींची नावं पटावर यायला हवी होती आणि पगारही वेगळा. त्यातल्या थोरलीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. घरी तेलुगू बोलणारी, आमच्याशी मोडकं मराठी. तिचा नवरा ऐकेना.

"माझा पगार कमी दिसल की! फंडबी कमी."

साहेब म्हणाले, "तिची मजुरी तिची. तुझ्या नावावर लिहिली तर तुझा पगार खोटा होतो आणि तिला काहीच मिळत नाही. आता दोघांची दोन खाती होतील. घरात कमी कुठं येतंय?"

तो विचारात पडला. मग साहेबांनी विचारलं, ती किती दिवस येते? वर्षात दोनशेचाळीस दिवस काम झाल्याशिवाय सभासद होता येत नव्हतं. मागांवरचे सगळे एकदम बोलले, "माग आले तवापासून हाय ती!" साहेबांनी तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अक्का रेशनकार्ड घेऊन आली. मी फॉर्म भरायला घेतला. आम्ही हाक मारायचो ते नाव कार्डावर नव्हतं. तिथं लांबलचक, सुंदर नाव होतं.

"हे तुझं?"

"व्हय की," ती लाजली. "लग्नातलं. कोण बोलवतंय त्या नावानं?"

मी ते अक्षर न् अक्षर उतरवलं. नवऱ्याचं नाव, वय, पत्ता, सूत भरण्याची मजुरी. नंतर विचारलं, "तुला काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो मागावरून मान वळवून ऐकत होता.

"पोरीला," ती म्हणाली.

लेक लहान होती, म्हणून तिच्या वतीनं पैसे घेणारा कोण, तेही लिहावं लागलं. अक्कानं तिथं नवऱ्याचं नाव सांगितलं आणि तो एकदम हसला. सगळी शेड हसली. अक्कानं अंगठा उमटवला आणि बोट पदराला पुसलं.

बाकीच्यांचेही फॉर्म गेले आणि काही आठवड्यांनी फंडाच्या ऑफिसकडून कारखान्याचा कोड नंबर पोस्टानं आला. आप्पांनी पाकिटातलं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. पहिलं चलन भरून मी बँकेतून बाहेर पडले तेव्हा ते दारात उभे होते. आम्ही नवी पेठेपर्यंत चालत गेलो. वाटेत ते माझ्याशी बाजरीच्या भावाबद्दल बोलत राहिले. किती दिवसांनी ते कारखान्याशिवाय कशाबद्दल तरी बोलत होते!