खंडेनवमीची पूजा

संगमनेरचा गोरक्ष फोटोग्राफर गिऱ्हाइकांची लग्नं डोळ्यांत तेल घालून जपायचा. फोटो दुकानातल्या लॅपटॉपवर, दुसरी प्रत हार्डडिस्कवर, तिसरी क्लाउडवर. लॅपटॉप आणि डिस्क एका छपराखाली ठेवायची नाहीत, म्हणून डिस्क कायम घरी.

खंडेनवमीला मात्र डिस्कही दुकानात आणून कॅमेऱ्याशेजारी पूजेला मांडली. कामाच्या वस्तूला पूजेतून वगळायचं कसं? समई तेवत ठेवून, कुलूप लावून तो जेवायला गेला. परतला तर पडदा पेटून दुकानाचा कोळसा झाला होता.

सोपान धावत आला. “आमच्या पोरीचं लगीन गेलं का रं?”

गोरक्षनं शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर क्लाउड उघडला. “हाय. समदं हाय.”

सोपाननं हात जोडले.

गोरक्ष स्क्रीनकडं बघत बसला. उन्हाळ्यात याच लग्नाला क्लाउडवर जागा पुरेना, तेव्हा त्यानं घरचं फोल्डर तिथून काढून टाकलं होतं. घरचं काय, दोन प्रती आहेत की!

त्या फोल्डरात आईचे सगळे फोटो होते. ती जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या फोटोसाठी भिंतीत ठोकलेला खिळा अजून रिकामाच होता. गिऱ्हाइकांची कामं आधी उरकायची होती.