कटोरी ब्लाऊजचा व्हिडिओ कशानं पडला

आमच्या चॅनेलवर शिवणकाम दाखवायच्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या निलंग्याच्या. त्यांना मी अक्का म्हणते. लातूरला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचं मशीन आहे, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्याच मशीनवर शिवले जातात. शूटिंग आणि एडिटिंग माझ्याकडे. व्हिडिओवर लावायचा फोटो, म्हणजे थंबनेल, आमचे हे करायचे, कारण त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि डिझाइन त्यांच्या हातात आहे. व्हिडिओ कधी टाकायचा ते मी ठरवायची. चॅनेल छोटं, पण चालू लागलं होतं. 'पहिल्यांदाच ब्लाऊज शिवला, नीट बसला' अशी एखादी कमेंट आली की अक्का ती सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायच्या.

कटोरी ब्लाऊजवर, म्हणजे छातीशी वाटीसारखे गोल तुकडे जोडायच्या ब्लाऊजवर, आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली. अक्कांनी तो तीनदा कापून शिवून दाखवला, कारण दोनदा माझ्या कॅमेऱ्यात खडूच्या रेघाच दिसत नव्हत्या. लग्नसराईच्या तोंडावर व्हिडिओ टाकला. आणि तो पडला. हळू चालला असं म्हणायचीही सोय नव्हती, सरळ पडला. दोन दिवसांनी तर माझ्या नातेवाइकांशिवाय कोणी बघतंय की नाही, अशी शंका यायला लागली.

घरात ज्याचं त्याचं म्हणणं लगेच तयार झालं.

"त्या दिवशी मॅच होती," हे म्हणाले. "चुकीच्या दिवशी टाकला तू."

"मॅचीचं काय घेऊन बसलात भावजी," अक्का म्हणाल्या, "तुमचा फोटोच लई भडक झालाय. निवडणुकीचं बॅनर वाटायलंय ते."

"वहिनी, फोटो बघून माणूस आत येतो. आत आल्यावर पळून का गेला, ते बघा."

अक्का वर गेल्या आणि पाय आपटल्यासारखं मशीन चालवायला लागल्या. मला दोघांचाही राग आला. दोघांनीही दुसऱ्याचंच काम बोट दाखवायला निवडलं होतं. मीही मनातून मॅचलाच धरून बसले होते. दिवस चुकला म्हटलं की कोणाच्याच कामाला नावं ठेवावी लागत नाहीत.

मी ठरवलं, नीट लिहून काढायचं. वेष्टन म्हणजे फोटो आणि शीर्षक, आशय म्हणजे आतला व्हिडिओ, आणि वेळ, असे तीन भाग करायचे, आणि प्रत्येक भागात अंदाज न लिहिता फक्त दिसतं तेवढंच लिहायचं. याला पोस्टमॉर्टेम म्हणतात असं मी जेवताना सांगितलं, तर अक्कांनी ताटावरून हात उचलला. "लग्नाच्या ब्लाऊजचं पोस्टमॉर्टेम म्हणू नको गं. काही चांगला शब्द न्हाई का तुझ्याकडं?"

नव्हता. मी लिहायला बसले.

वेळ सगळ्यात आधी घेतली, कारण दोष तिच्यावरच निघाला तर बरं, असं मला वाटत होतं. तसा निघाला नाही. त्याच दिवसांत आमचे जुने व्हिडिओ नेहमीइतके बघितले गेले होते. साधा ब्लाऊज, बाही, गळ्याची पायपिंग, सगळ्यांचे आकडे जिथल्या तिथे. बायका मॅच बघत बसल्या असत्या तर तेही पडले असते. पण जुने व्हिडिओ लोक शोधून बघतात, आणि नवा आधी अॅपच्या पहिल्या पानावर दाखवला जातो. दोघांची वाट वेगळी, त्यामुळे ही तुलना पक्की नव्हती. मी लिहिलं, 'वेळ: मोठं कारण दिसत नाही. खात्री नाही.' ते 'खात्री नाही' लिहिताना मला चीड आली. एवढा वेळ घालवून उत्तर काय, तर खात्री नाही.

मग वेष्टन. अॅपनं व्हिडिओ किती जणींना दाखवला आणि त्यातल्या कितीजणींनी बोट लावलं, हे दोन आकडे वेगळे असतात. पहिल्या दिवशी तो दाखवला बराच गेला होता. बोट फार थोड्या जणींनी लावलं. आमच्याच आधीच्या व्हिडिओंच्या पहिल्या दिवसाशी, पहिल्या पानावरच्याच आकड्यांशी, मी ताडून पाहिलं, आणि ते निम्म्यावर आलं होतं. पुढं अॅपनंही दाखवणं कमी केलं. म्हणजे दोष फोटो आणि शीर्षकाचा.

यांना सांगितलं तर ते म्हणाले, "ठीक आहे, पण ज्यांनी बोट लावलं त्या तरी टिकल्या का?"

नव्हत्या टिकल्या. व्हिडिओ जसा पुढं जातो तसे किती प्रेक्षक उरतात, त्याची एक रेघ असते. आमची रेघ सुरुवातीलाच कड्यावरून टाकल्यासारखी खाली आली होती. नंतर मात्र ती सपाट होती, आणि कटोरीची गोलाई आखायच्या जागी चक्क वर चढली होती, कारण बायका तेवढा भाग मागं नेऊन परत बघत होत्या. म्हणजे अक्कांचं शिकवणं चांगलंच होतं. पडझड झाली होती ती दारातच.

आता ही दारातली पडझड कुठल्या खान्यात लिहायची? यांचं म्हणणं, आत आलेली बाई वहिनींचं लांबलेलं बोलणं ऐकून गेली, म्हणून आशय. अक्कांचं म्हणणं, फोटोवर 'दहा मिनिटांत' छापलं आणि व्हिडिओ निघाला अर्ध्या तासाचा, म्हणून वेष्टन. दोघंही मला आपापल्या सोयीच्या खान्याकडं ढकलत होते. मी वैतागून फोन उपडा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

त्याच आठवड्यात मला बहिणीकडं नांदेडला जायचं होतं. ती नव्यानं शिवण शिकते आणि आमचं चॅनेल बघते. दुपारी तिचं लेकरू झोपलं तेव्हा मी तिला म्हणाले, "कटोरीवाला व्हिडिओ बघितलास का?"

"दिसला होता. उघडला नाही."

"का?"

तिनं फोन काढला, शोधला आणि माझ्यापुढं धरला. फोनवर तो फोटो काडेपेटीएवढा दिसत होता. यांनी त्यावर चार ओळी, दोन बाण आणि अक्कांचा चेहरा घातला होता. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर हे सगळं वाचता येतं, इथं नुसता लाल-पिवळा काला झाला होता. ब्लाऊज कुठं होता? कोपऱ्यात, अक्षरांच्या मागं.

"यात कटोरी आहे हे मला कळलंच नाही," ती म्हणाली.

"बरं, आता उघड. मी इथं नाही असं समजून बघ."

तिनं उघडला. अक्कांनी नमस्कार केला. नंतर आपण मागच्या वेळी काय शिकलो ते सांगितलं, कापड धुऊन का घ्यायचं ते सांगितलं, माप कसं घ्यायचं ते पहिल्यापासून सांगायला लागल्या. बहिणीचा अंगठा पडद्यावर आला आणि तिनं व्हिडिओखालची पट्टी पुढं ओढली. परत ओढली. मला तो अंगठा धरून ठेवावासा वाटला. तेवढ्यात अक्का कापड तिरकं करून, उरेब धरून, कटोरी कापायला लागल्या. बहिणीचा हात थांबला. ती फोनवर वाकली.

"अय्या, उरेब कापायचं होय! म्हणून माझी फुगत होती. हे आधी का नाही दाखवलं?"

लातूरला आल्यावर मी यांच्याकडून नवा फोटो करून घेतला. त्यांना ते आवडलं नाही. "एवढी मोकळी जागा? गिऱ्हाईक म्हणेल पैसे कशाचे घेतले." पण केला. फक्त कटोरी, जवळून, आणि दोनच शब्द. 'दहा मिनिटांत' फोटोवरून गेलं, शीर्षकातूनही काढलं. व्हिडिओला हात लावला नाही, म्हणजे जे बदलेल ते वेष्टनामुळंच.

बोट लावणाऱ्या वाढल्या. दारातली पडझडही थोडी कमी झाली, पण गेली नाही. म्हणजे तिच्यातला काही भाग खोट्या आश्वासनाचा होता आणि उरलेला अक्कांच्या लांबलेल्या सुरुवातीचा. एवढं मला मिळालं, आणि तेही डळमळीत, कारण आता अॅप तो व्हिडिओ मूठभर जणींनाच दाखवत होतं. मूठभर बायकांवरून काय ठरवणार? व्हिडिओ काही उठला नाही.

मी सगळं लिहून दोघांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे शेवटी माझ्यावरच आलं."

"जास्त तुमच्यावर, थोडं सुरुवातीवर."

अक्कांनी कात्रीनं दोरे तोडले. मग म्हणाल्या, "सुरुवात म्हणू नको. मी म्हण. मीच बोलले ना तिथं."

"अक्का, गोलाईच्या जागी बायका मागं जाऊन परत परत बघतात. तेही तुम्हीच आहात."

"ते हाय. पण मी शिकवताना माणसाची विचारपूस करते गं. माझ्याकडं शिवायला बाई आली की आधी बस म्हणते, पाणी देते. लगेच कात्री चालवत न्हाई. तुझ्या त्या रेघेला ते समजत न्हाई."

रेघेला ते खरंच समजत नव्हतं.

पुढचा व्हिडिओ प्रिन्सेस कटच्या ब्लाऊजचा होता. मी विनवून सांगितलं, यावेळी एकच गोष्ट बदलू, म्हणजे कशानं काय होतं ते कळेल. दोघांनी मान हलवली. आणि शूटिंगच्या दिवशी अक्कांनी, मला न विचारता, पहिल्याच वाक्याला कापडावर कात्री ठेवली. यांनी फोटो आधीच साधा करून आणला होता. शिवाय अक्कांनी निलंग्याच्या भाचीला विचारून दिवसही बदलला, म्हणे रविवारी दुपारी बायका मोकळ्या असतात.

व्हिडिओ चालला. फार नाही, पण बरा चालला. घरात आनंद झाला. यांनी दुकानातून येताना जिलेबी आणली. अक्का म्हणाल्या, "बघ, रविवारनं काम केलं." हे म्हणाले, "रविवार कसला, फोटो बघा." मी जिलेबी हातात धरून ओरडलेच, "तिन्ही गोष्टी एकदम बदलल्यात! आता कशानं चालला ते कसं सांगणार?"

"चालला ना?" अक्का म्हणाल्या. "मग खा की."

मी खाल्ली. मग वर जाऊन फोन उघडला आणि परत तीन खाने केले. चाललेल्या व्हिडिओचं कारण शोधणाऱ्या माणसाशी बोलायला घरात कोणालाच वेळ नव्हता. पहिल्या खान्यात 'वेष्टन: असू शकेल' लिहिलं, दुसऱ्यात 'आशय: असू शकेल', तिसऱ्यात 'वेळ: असू शकेल'. खाली अक्का सासूबाईंना कमेंट वाचून दाखवत होत्या.