सोबत: मृत्यूचा दाखला

काविळीमुळे माझा बी.कॉम.चा अकाउंटन्सीचा पेपर बुडाला. फेरपरीक्षेचा अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे प्राचार्यांमार्फत द्यायचा होता. कॉलेजबाहेरच्या टायपिस्टने नुकताच टाइपरायटर विकून कॉम्प्युटर घेतला होता. त्याने कोणाचा तरी जुना अर्ज उघडून त्यात माझं नाव आणि सीट नंबर घातला. "आता सगळं पुन्हा टाइप करावं लागत नाही," तो ऐटीत म्हणाला. मी सही केली, प्राचार्यांनीही केली. वाचलं कोणीच नाही.

परीक्षा विभागातल्या कारकुनाने आवकचा शिक्का मारला आणि मग वाचलं. "वडील वारल्यामुळे पेपर चुकला. बरं, मृत्यूचा दाखला कुठंय?"

वडील खाली स्कूटरपाशी माझी वाट बघत उभे होते. मी त्यांना वर घेऊन आले.

कारकुनाने विचारलं, "आपण?"

"मयत," वडील म्हणाले.

तो हसला नाही. "शिक्का बसलेला अर्ज परत मिळत नाही. वेगळा खुलासा द्या, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा."

मी लगेच दिला. तो कुठल्या फायलीत गेला, कोण जाणे. येरवड्याच्या घरी परवानगीचं पत्र आलं ते पहिल्याच अर्जावर. वडिलांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. त्यांच्या निधनामुळे, विशेष बाब म्हणून, मला पेपर देता येणार होता. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला: 'मृत्यूचा दाखला नंतर सादर करण्याच्या अटीवर.'

"मी उद्याच जाऊन भांडते," मी म्हटलं.

त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

"राहू दे. नंतर म्हणतायत ना."