त्रेसष्ट थेंब

सलाईन लावण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण वॉर्डात चालायचे मात्र तशीच. बावीस वर्षं समुद्रकाठच्या या ग्रामीण रुग्णालयात नोकरी झाली होती. आचऱ्यापासून आजूबाजूच्या वाड्यांपर्यंत निम्म्या घरांतल्या कुणा ना कुणाच्या हाताला मी सुई टोचली असेल. नस सापडली नाही की माझ्या मागे माणूस धाडायचे. असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस शेफारतो. मीही शेफारले होते.

आमच्याकडे सलाईनच्या नळीचा नेहमी एकाच प्रकारचा सेट यायचा, एका मिलिलिटरला वीस थेंब पाडणारा. त्यामुळे गणित करायची गरजच उरली नव्हती. पाचशेची बाटली आठ तासांत द्यायची तर एकवीस थेंब मिनिटाला, चार तासांत तर बेचाळीस, दोन तासांत तर त्र्याऐंशी. हे तीन आकडे मला आरतीसारखे पाठ होते. शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी तेच पाठ करायला लावायचे. गणित कॉलेजात करा, इथे काम करा, असं माझं ठरलेलं वाक्य होतं.

त्या आठवड्यात रेडीकडची एक मुलगी प्रशिक्षणाला आली होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष. हातात सतत एक वही आणि केसांत पेन खोवलेलं. प्रत्येक रुग्णाची नोंद वहीत करायची आणि आठवड्याच्या शेवटी माझी सही घ्यायची, असा त्यांचा नियम. ती फार विचारायची. मला विचारणाऱ्या मुली आवडत नाहीत, हे मी आधीच कबूल करून टाकते.

सकाळी पावणेनऊला एका आजींना त्यांची मुलगी रिक्षातून घेऊन आली. रात्रभर वांत्या-जुलाब, जीभ कोरडी पडलेली. पण आजींचं हृदय अशक्त होतं, पाय सुजायचे, त्याच्या गोळ्या चालू होत्या. म्हणून डॉक्टरांनी जपून लिहिलं: पाचशे मिली, आठ तासांत. जाताना बजावलं, पाणी हवंय त्यांना, पण हळू. घाई केली तर छातीत भरेल.

मी कपाटात हात घातला. नेहमीचे सेट संपले होते. नवीन खोका फोडून त्यातला एक काढला, पाकीट फाडून टेबलावर टाकलं, नस धरली आणि नऊच्या ठोक्याला बाटली चालू केली. शिकाऊ मुलीला म्हटलं, एकवीस ठेव.

ती पाकीट उचलून वाचत होती. मग एका कागदावर काहीतरी मांडून हळूच म्हणाली, "मॅडम, माझे त्रेसष्ट येतायत. पाकिटावर एका मिलीला साठ थेंब लिहिलंय."

आजींची मुलगी शेजारी उभी. समोरच्या खाटेवरची दोन माणसं ऐकत होती. माझं डोकं सणकलं. मी मालवणीत सुनावलं, "त्रेसष्ट? म्हातारेक बुडवूचा आसा काय तुका?"

समोरच्या खाटेवर कुणीतरी हसलं. मग तिने बाटलीवर तासातासाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची का, असं विचारलं. मी म्हटलं, काही गरज नाही, माझी नजर हीच पट्टी. आणि स्वतः नळीवरचं चाक फिरवून घड्याळ लावून एकवीस थेंब मोजले. थेंब बारीक पडत होते. ते मला दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही. लहान मुलांसाठी असे बारीक थेंबांचे सेट असतात, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण सगळ्यांसमोर बोलून बसले होते, आता वाकायचं कसं?

एक वाजता मी खाटेपाशी गेले. चार तासांत निम्मी बाटली संपायला हवी होती. इथे चारशेच्या खुणेच्या जरा वरच पाणी होतं. आजींचे ओठ तसेच कोरडे. मी खिशातून पाकीट काढलं; सकाळी तिला ते उचलून ठेवायला सांगितलं तेव्हा तिने ते माझ्याच हातात दिलं होतं. त्यावर साठ लिहिलं होतं, ठळक.

तेव्हा डॉक्टरांना सांगायचं होतं, एवढंच. सेट चुकला, दर चुकला, पुढे काय करू? दोन मिनिटांचं काम. पण दोन वाजता ड्यूटी बदलणार होती. दुपारची सिस्टर आली की पहिली नजर बाटलीकडे टाकणार. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चाक पूर्ण उघडलं. थेंबांची धार झाली. अडीचशेपर्यंत आलं की परत आवळू, असा माझा हिशेब. पाकीट मी टेबलावर टाकलं.

तेवढ्यात हाताच्या तळव्यात मासेमारीचा गळ रुतलेला एक माणूस आला. रक्त, आरडाओरडा, सोबत चार जण. त्यात मी अडकले. पाऊण तास गेला.

आजींची मुलगी दारात आली तेव्हाच मला कळलं. "सिस्टर, आयेक धाप लागली हा. बेगीन येवा."

आजी खाटेवर अर्धवट उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गादीवर रोवून. छातीतून खरखर येत होती. बाटलीत तळाला जेमतेम पाणी. मी चाक बंद केलं, त्यांना सरळ बसवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लघवीचं इंजेक्शन दिलं. आजी माझं मनगट घट्ट धरून होत्या. "माका सोडू नको गो," म्हणाल्या. कुणाला म्हणत होत्या त्या!

तासाभराने धाप उतरली. मग डॉक्टर वळले. टेबलावर शिकाऊ मुलीच्या अक्षरातला सकाळचा कागद होता, त्यावर मोठा त्रेसष्ट. त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? ती म्हणाली, मी. सिस्टरांनी किती सांगितलं होतं? एकवीस. एवढं ऐकल्यावर त्यांना पुढे विचारायची गरज वाटली नाही. त्यांच्याही डोक्यात नेहमीचाच सेट; तिनेच त्रेसष्टने पाणी सोडलं असं त्यांनी धरलं. सगळ्यांसमोर तिला झाडलं, सलाईनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं आणि सोमवारी कॉलेजला पत्र जाईल म्हणाले. तसं पत्र गेलं की मुलीचं वर्ष जातं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ती माझ्याकडे बघत होती. मी आजींची उशी सारखी करत होते. ती सारखीच होती.

नेहमीच्या सेटने त्रेसष्ट थेंब सोडले असते तर बाटली पावणेबाराच्या आतच संपली असती. दोन वाजता त्यात पाणी उरलंच नसतं. एवढं साधं गणित तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणी केलं नाही. केलं असेल तर तिनेच, आणि ती बोलली नाही.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर पित्त झालंय म्हटलं. वॉर्डात खोटं न बोलता गप्प बसले होते, घरी येऊन बोललेही.

दुसऱ्या दिवशी आजी बऱ्या होत्या. पेज प्यायल्या. त्यांच्या मुलीने मला आमसुलांची पिशवी दिली. आजी म्हणाल्या, "तू होतंस म्हणान वाचलंय." मी पिशवी घेतली. नको म्हणायलाही तोंड लागतं.

शनिवार होता. दुपारी ती मुलगी वही घेऊन सहीला आली. समोर ठेवली आणि उभी राहिली. आजींचं पान उघडं होतं. पहिलीतल्या मुलाला समजावं तसं एकाखाली एक लिहिलेलं.

द्यायचं पाणी पाचशे मिली. सेट एका मिलीला साठ थेंब, आणि खाली ते फाडलेलं पाकीट चिकटवलेलं. पाचशे गुणिले साठ, एकूण तीस हजार थेंब. वेळ आठ तास, म्हणजे आठ गुणिले साठ, चारशे ऐंशी मिनिटं. तीस हजार भागिले चारशे ऐंशी, साडेबासष्ट. अर्धा थेंब मोजता येत नाही, म्हणून त्रेसष्ट. मोजताना पंधरा सेकंदांत साधारण सोळा. पडताळा: साठच्या सेटमध्ये मिनिटाला जितके थेंब, तासाला तितकेच मिली, आठ तासांना त्रेसष्टने पाचशेच्या जवळपास येतं, म्हणून उत्तर बरोबर.

त्याखाली: नऊ वाजता सुरू, प्रत्यक्ष दर एकवीस, म्हणजे तासाला फक्त एकवीस मिली. एक वाजेपर्यंत गेलेलं पाणी चौऱ्याऐंशी मिली. आणि मग एक ओळ होती. "एक वाजता दर बदलला. बदलणाऱ्याचं नाव:" पुढची जागा कोरी.

माझं नाव लिहायला तिला कुणी अडवलं नव्हतं. मी विचारलं, तू पाहिलंस? ती म्हणाली, "बाजूच्या खाटेवर ताप मोजत होते, मॅडम." मग काल बोलली का नाहीस? तिने खाली बघून सांगितलं, तुम्ही सांगाल असं वाटलं.

माझ्यापेक्षा निम्म्या वयाची पोर. मी तिला भर वॉर्डात हास्यास्पद केलं, तिचं वर्ष बुडत होतं तेव्हा उशी सारखी करत बसले, आणि तरी तिने माझ्यासाठी जागा कोरी ठेवली होती. बावीस वर्षांत मला कुणी इतकी लाज आणली नव्हती. मी तिच्या केसांतलं पेन मागितलं आणि त्या जागेवर माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग वही उचलून डॉक्टरांच्या खोलीत गेले. ती दारापाशी थांबली.

डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं. माझ्याकडे बघून ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातला शब्दही जास्तीचा नव्हता. पत्र गेलं नाही. मला लेखी खुलासा द्यावा लागला. आजींना आणि त्यांच्या मुलीलाही मी खरं काय ते सांगितलं. त्यानंतर माझा हात आजींनी धरला नाही. आमसुलांची पिशवी मी परत द्यायला गेले तेव्हा मुलीने ती घेतली.

त्या शनिवारी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा ती शिकाऊ मुलगी दारातच उभी होती. वही हातात घेतली आणि म्हणाली, "मॅडम, सही राहिली. गणित बरोबर आहे ना, ते बघून सही करायची असते."

मी परत बसले. तिच्यासमोर, एका कोऱ्या कागदावर, सुरुवातीपासून केलं. पाचशे गुणिले साठ. चारशे ऐंशीने भाग. भागाकार मला एकदा चुकला, पुन्हा केला. साडेबासष्ट आले.

"त्रेसष्ट," मी म्हटलं, "तुझे बरोबर होते," आणि सही केली.