शनिवारचा अर्धा तास

नेटवर्किंग या शब्दाचा मला मनापासून राग. हॉटेलच्या हॉलमध्ये उभं राहून अनोळखी माणसांना कार्डं वाटायची आणि उगाच हसायचं, हे आपल्याला जमायचं नाही, असं मी ठणकावून सांगायचे. सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटी सांभाळायचे. तिथे गोड हसून एक पार्ट पास होत नाही.

मग कळलं की आमचा विभाग वर्षभरात गुजरातच्या प्लांटला हलणार. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. त्यांचा चालताना तोल जातो, आणि नाशिक सोडायचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. मला नोकरी हवी होती ती इथेच. बाबांना मात्र मी बदलीचं काही बोलले नाही, उगाच घोर लागायचा त्यांना.

माझी पहिली बॉस आता निवृत्त होऊन कॉलेज रोडला राहते. बायोडेटा घेऊन तिच्याकडे गेले, तर तिने तो न वाचताच बाजूला ठेवला. म्हणाली, शनिवारी आपल्या एमआयडीसीला सुट्टी, त्यातला अर्धा तास काढ, वर्षभर. एका जुन्या ओळखीच्या माणसाची विचारपूस कर. आठवडाभरात कोणाला काही देते, पाठवते म्हणाली असशील, तर ते तेव्हाच करून टाक. उरलेल्या वेळात एका नव्या माणसाशी बोल, आणि उठण्याआधी पुढच्या शनिवारी कोणाला फोन ते ठरव. एखादा शनिवार हुकला तर हुकला, भरपाई म्हणून पुढच्या वेळी तास काढायचा नाही. मी विचारलं, मग नोकरीचं बोलायचंच नाही का? ती म्हणाली, "लपवू नकोस, विचारलं तर सांग. पण गरजेपुरती काढलेली आठवण माणसाला लगेच कळते गं."

पहिल्याच शनिवारी मी माती खाल्ली. पूर्वी माझ्या हाताखाली असलेला एक मुलगा आता पुण्यात असतो, त्याला दहाला फोन लावला. मागे कारखान्यातल्या प्रेस मशीनचा धडधडाट. बिचारा ओरडून सांगत होता की त्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि दारात ऑडिटर उभा आहे. आम्हा नाशिककरांना वाटतं, शनिवारी सगळं जग अंथरुणात लोळत असतं. तेव्हापासून त्याला मी दर शनिवारी व्हॉइस मेसेज पाठवू लागले, तो जेवणाच्या सुट्टीत ऐकायचा. एकदा त्याला मोजमापाची गेज तपासून देणारी आमच्या नाशिकातल्या अंबडची लॅब सुचवली, एकदा त्याच्या भाचीच्या प्रोजेक्टसाठी एकाशी गाठ घालून दिली.

दहा वाजले की बाबा आपणहून टीव्ही बंद करायचे. मेथीची जुडी घेऊन माझ्या शेजारी बसायचे आणि विचारायचे, "आज कोणाचा नंबर?" फोन झाला की शेरा ठरलेला. हा दमलेला वाटतो, त्याला पुन्हा विचार. मी चिडवायचे, तुम्ही माझे मॅनेजर झालात. खरं सांगते, मला हे आवडायला लागलं होतं.

थंडीत बाबा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शनिवार कुठले आणि फोन कुठले! बदली तोंडावर, बाबा खाटेवर. मला वाटलं, आटोपलं सगळं.

एका सकाळी हॉस्पिटलात फोन वाजला. पुण्याचा मुलगा होता.

"मॅडम, शनिवारचा मेसेज नाही तुमचा. बरं आहे ना?"

मालात खोट निघाली की सप्लायरला रडवणारी मी, कॉरिडॉरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. तो बराच वेळ बाबांचीच चौकशी करत राहिला. मग त्याने नोकरीचं विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याचे जुने साहेब आता अंबडच्या एका कंपनीत होते आणि क्वालिटीसाठी माणूस शोधत होते. त्याने गाठ घालून दिली. साहेबांनी दोनदा बोलावून मला चांगलं पिळून काढलं, आणि मग जागा मिळाली.

बाबा तेव्हा घरी वॉकर धरून चालायला शिकत होते. मी म्हटलं, बाबा, एक सांगायचं राहिलं होतं. माझी बदली होणार होती, आता नाही. आपण कुठेही जात नाही.

ते थांबले.

"मला माहीत होतं. पहिल्या महिन्यातच फोनवर कोणाला तरी सांगत होतीस," ते म्हणाले. "म्हणून तर टीव्ही बंद करायचो. म्हटलं, हिला नीट ऐकू येऊ दे."

मी त्यांचे हात धरून तशीच उभी राहिले.

नव्या नोकरीतला पहिला शनिवार. काम तर झालं, आता फोन कशाला, असं म्हणून मी पांघरूण ओढून पडले होते. दहा वाजले आणि बाहेरचा टीव्ही बंद झाला.