बोझा, बोझा, बनित्सा

सेव्हलिएवोच्या शाळेतल्या नेव्याना बाई आठपर्यंत मोजायच्या, आणि नुसत्या मोजायच्या नाहीत, तर व्यायामशाळेच्या काचा थरथराव्यात इतक्या खणखणीत मोजायच्या. "एक, दोन, रिबन खाली नको, तीन, चार, दिल्याना, कोपर!" गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरी या आवाजावर वाढल्या होत्या. त्यातल्या काही आता आया झाल्या होत्या आणि भांडी घासतानासुद्धा आठाच्या हिशोबात घासत असाव्यात असा मला संशय आहे.

बाई व्यायामाच्या शिक्षिका. गाव लहान, पण इथे पोरीच्या हातात चमच्यापाठोपाठ रिबन येते. सहावी-सातवीच्या मुलींना त्या काठीला बांधलेली लांब रिबन आणि हूप, म्हणजे कमरेएवढं गोल कडं, फिरवायला शिकवत. स्पर्धेबिर्धेचं खूळ नाही. सोप्या सोप्या हालचाली घ्यायच्या, त्या एकीला एक जोडायच्या, संगीतावर बसवायच्या आणि मे महिन्यात अक्षरदिनाच्या, म्हणजे आमच्या लिपीच्या सणाच्या, सोहळ्यात गावाच्या रंगमंचावर करून दाखवायच्या. जाडी, बुटकी, चष्मिष्ट, कुणीही असो, बाईंच्या रांगेत सगळ्यांना जागा होती. "रिबनला तुझं वजन कळत नाही," त्या म्हणायच्या. "तिला फक्त एवढंच कळतं, की तुझा हात थांबला. आणि हात थांबला की ती गाठ मारून बसते."

ही माया उगाच आलेली नव्हती. बारा वर्षांच्या असताना बाई राजधानीतल्या क्रीडाशाळेत निवडून गेल्या होत्या. अंग रबरासारखं, उडी हरणाची. पण वर्षाच्या आतच परत आल्या. घरी सांगितलं, गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता. खरी गोष्ट अशी, की बाईंना ताल ऐकू येत नसे. सूर यायचा, शब्द यायचे, पण ठोका कुठे पडतो ते काही केल्या कळायचं नाही. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली, ती सुटलीच नाही. कवायतीच्या चालीवर, पोल्का नाचाच्या संगीतावर, सिनेमातल्या गाण्यावर आठ बरोबर बसायचे, आणि बाईंचं गुपित आठाच्या मागे सुखाने लपून राहायचं.

फक्त राचेनित्सा काही केल्या आठात बसायची नाही. हा आमचा सातांचा नाच. दोन, दोन आणि शेवटी लांबलेले तीन. पाळण्यातलं पोरही त्यावर पाय झाडतं. लग्नात राचेनित्सा सुरू झाली की बाईंना हटकून कुणाला तरी पाणी द्यायचं असायचं. नवरा स्तोइल, बसचा ड्रायव्हर, नाचात एकदम वस्ताद. तो समजायचा की बायको गुडघा सांभाळते आहे. संसाराची तीस वर्षं त्या बिचाऱ्या गुडघ्याने बदनामी सोसली.

त्या वर्षी सहावीतल्या सहा मुलींनी आपला कार्यक्रम आपणच रचायचा असं ठरलं. तीन हूप, तीन रिबनी. त्यांची म्होरकी रालित्सा, उंच, तोंडाने फटकळ. ती पहिल्याच दिवशी फोन पुढे करून म्हणाली, "बाई, संगीत ठरलं. राचेनित्सा."

"ते नको गं," बाई पटकन म्हणाल्या. "फार भरभर असतं. एखादी छानशी पोल्का घेऊ."

"पोल्का गेल्या वर्षी होती. त्याच्या आधीच्या वर्षीही होती. माझी आई शाळेत होती तेव्हाही पोल्काच होती!"

"मग? तुझ्या आईचं काही वाईट झालं का?"

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, तुमचं तुम्ही रचा म्हणून?"

तसं त्या म्हणाल्या होत्या खऱ्या. आता शब्द फिरवायला तोंड नव्हतं. तालीम सुरू झाली.

मुलींनी रचलं होतं मोठं झकास. रिबनवाल्या मागे उभ्या राहून मनगटाने छोटे साप काढणार, मग खांद्यातून अख्खा हात फिरवून मोठं वर्तुळ. हूपवाल्या पुढे हातावर हूप गरगर फिरवणार, आणि रिबनी वर गेल्या की खालून जमिनीवर हूप घरंगळत पलीकडच्या जोडीदारणीकडे पाठवणार. सगळी गंमत त्या एका क्षणात होती. रिबन वर, हूप खाली. बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली, "एक, दोन, तीन, चार..."

संगीत एकीकडे, आठ दुसरीकडे. दिल्याना बाईंच्या मोजण्यावर गेली, रालित्सा संगीतावर. रिबन खाली आली तेव्हा हूप नेमका तिथून चालला होता. रिबनीने त्याला असा विळखा घातला की सोडवता सोडवता तास संपला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोन हूप एकमेकांवर आपटले आणि मुली एकमेकींवर.

"तू उशिरा सोडतेस!"

"मी नाही, तू आधीच वर्तुळ काढतेस!"

"पुरे!" बाई ओरडल्या. "चूक संगीताची आहे. उद्यापासून पोल्का."

सहा चेहरे एकदम उतरले.  रालित्साने फोन खिशात टाकला आणि हूप हळूच भिंतीला लावून ठेवला. आदळआपट केली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. चूक संगीताची नव्हती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलींनी एकमेकींना बोल लावले, ते आपल्यामुळे. आपली लाज झाकण्यासाठी आपण पोरींचा आनंद काढून घेतो आहोत, हे मनात आलं आणि बाईंना स्वतःची चीड आली.

"थांबा," त्या म्हणाल्या. मुली दारात थबकल्या. "इकडे या. बसा."

बाई स्वतः जमिनीवर बसल्या, तेव्हाच मुलींना कळलं की काहीतरी वेगळं आहे.

"चूक तुमची नाही. संगीताचीही नाही. मला राचेनित्सा ऐकूच येत नाही. म्हणजे कानाला येते, पण ठोका कळत नाही. कधीच कळला नाही. म्हणून मी मोजते."

 मग बोझुरा, सहाजणींत सगळ्यांत लहानखुरी, डोळे मोठे करून म्हणाली, "कधीच? लग्नात पण नाही?"

"लग्नात पण नाही."

"अगं बाई!" रालित्साच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, बाई, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हणायचं होतं. म्हण."

आणि मग जे व्हायचं ते झालं, सहाहीजणी खो खो हसत सुटल्या. बाईंना वाटलं होतं की हे हसू जिव्हारी लागेल, पण ते लागलं नाही. उलट, वर्षानुवर्षं अंगात घट्ट बसलेला कोट काढून ठेवल्यासारखं वाटलं. त्याही हसू लागल्या.

बोझुराचं हसणं सगळ्यांत आधी थांबलं. तिच्या आजीचं बाजारात न्याहारीचं दुकान होतं. आंबवलेल्या धान्याचं दाट, गोड पेय म्हणजे बोझा आणि चीज घातलेली, खुसखुशीत पापुद्र्यांची बनित्सा, अर्धं गाव सकाळी तिथेच असायचं. "बाई, मोजू नका," ती म्हणाली. "म्हणा. बोझा, बोझा, बनित्सा. आजीने मला असंच शिकवलं. गिऱ्हाईक पण असंच मागतात."

"बोझा, बोझा, बनित्सा," बाई म्हणाल्या.

"घाई नको. बनित्सा चावून खायची असते."

बाईंनी रिबनची काठी हातात घेतली. बोझाला एक छोटा साप, दुसऱ्या बोझाला दुसरा, आणि बनित्साला खांद्यातून मोठं, पुरतं वर्तुळ. पहिल्यांदा रिबन पायात गुंतली. दुसऱ्यांदाही गुंतली. मुली भोवती उभ्या राहून एका सुरात ओरडत होत्या, आणि पलीकडच्या वर्गातले गणिताचे सर दार उघडून बघून गेले, की इथे व्यायाम चालला आहे की खानावळ. मग कधीतरी वर्तुळ त्या लांबलेल्या ठोक्यावर अलगद बसलं. रिबन डोक्यावरून गेली, शेपूट जमिनीला न टेकता मागून आली आणि हात आपोआप पुढच्या सापाकडे वळला. बाईंनी काही केलंच नव्हतं. हातानेच केलं होतं.

"आता ऐका," बाई धापा टाकत म्हणाल्या. अंगातली शिक्षिका जागी झाली होती. "ही एक न्याहारी म्हणजे एक. अशा आठ न्याहाऱ्या झाल्या की गाण्याची ओळ संपते, कळलं? चार न्याहाऱ्या रिबनी एकट्या. पाचवीच्या बनित्सावर रिबनी वर आणि हूप सुटले पाहिजेत."

"म्हणजे आठ परत आले!" रालित्सा कपाळावर हात मारून म्हणाली.

"मी आहे तोवर आठ कुठे जातात?"

पण त्या दिवसानंतर त्यांनी मोठ्याने मोजलं नाही. त्यांनाही नवल वाटे. संगीत लावून त्या बाकावर बसत, ओठ नुसते हलत. कधी ठोका सापडे, कधी निसटे. निसटला की बोझुराकडे बघत, आणि ती बोटाने दाखवी. स्तोइलला मात्र काही सांगितलं नाही. घरात भांडी विसळताना त्या काय पुटपुटतात हे त्या बापड्याला कळेना. त्याने एकदा बनित्सा आणूनही दिली.

अक्षरदिनाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पडद्याआड उभ्या राहून बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मुली मंचावर गेल्या. साप, साप, वर्तुळ. तिन्ही रिबनी एकदम वर गेल्या आणि खालून हूप सळसळत सुटू लागले. सभागृहातून "आ" असा आवाज आला. त्या आवाजाने दिल्याना दचकली की काय कोण जाणे, तिच्या हाताला झटका बसला. तिचा हूप रालित्साकडे जायचा तो वळला आणि थेट पडद्याआड, बाईंच्या पायाशी आला.

मंचावर रालित्सा रिकाम्या हाताने उभी होती. ती थांबली नाही. रिकामा हातच फिरवत राहिली, पण तिची नजर पडद्याकडे होती. पुढच्या वेळी रिबनी वर जातील तेव्हा तिच्याकडे हूप हवा होता. मध्येच पाठवला तर तो रिबनीत जाणार.

बाईंनी हूप उचलला. मोजायला तोंड उघडलं, आणि आकडा आठवेना. कितवी ओळ चालू होती, काही पत्ता नाही. ओठही हलत नव्हते. समोर रिबनी होत्या, संगीत होतं, आणि कुठून तरी तो लांबणारा ठोका येताना त्यांना जाणवला, गल्लीच्या वळणावर ओळखीचं माणूस दिसावं तसा. त्यांनी हूप सोडला.

तो रिबनींच्या खालून, सरळ, न डगमगता गेला. रालित्साने वाकून तो हातात घेतला, तेव्हा वरची वर्तुळं नुकतीच खाली येऊ लागली होती.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे.

मुली धावत आत आल्या. घामाघूम रालित्सा बाईंच्या समोर उभी राहिली. "बाई, कितव्या न्याहारीला सोडलात?"

"नाही गं माहीत," बाई म्हणाल्या. डोळे भरून वाहत होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "मला ऐकू आलं."