दोन टोपल्यांचा मोह

आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बायको तिच्या मोठ्या बहिणीसंगं भगताकडं गेली होती. पोर होईल का, एवढंच विचाराचं होतं. भगतानं सुपात तांदूळ टाकले, बोटानं फिरवले, आन् दोघींलेही एकच सांगितलं, "तुमचा माणूस घर सोडून जाईल."

मेव्हणी घरी जाऊन हसत सुटली. नवऱ्याले म्हणाली, "भगत म्हणते तू पळणार हायेस. जाताना बकऱ्या घेऊन जाय, मले चारणं होत नाई." तो म्हणे, "बकऱ्या तुले, मले फक्त चिलीम दे." सारी जिंदगी त्यांच्या घरी ही गंमत चालली. तो कुठीच गेला नाई.

माझी बायको हसली नाई. तिनं मले सांगितलंही नाई. मले ते फार उशिरा मेव्हणीकडून कळलं.

आमच्याकडं मोह नवरा-बायकोनं मिळून वेचाचा. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ कराची, आन् पहाटे पडलेली फुलं एकाच टोपलीत. भगताकडून आल्यावरच्या फागुनात तिनं दुसरी टोपली आणली. अंगणात वाळवणही वेगळं घातलं.

"हे काऊन?" मी विचारलं.

"असू द्या. कामी पडंल."

"कोनाच्या?"

ती फुलं पसरवत राह्यली. एकटी पडली तर हा मोह विकून पोट भरंल, हे तिच्या डोक्यात होतं. मले वाटलं, इले मायघरी जायाचं हाये, तयारी करून राह्यली. मीही विचारलं नाई. मले राग आला, आन् राग आला की मी गप होतो.

मी गप झालो की तिले वाटे, याचं मन उडालं. बाजारातून उशीर झाला की दारात उभी. "कुठी होते?" बस चुकली म्हटलं तरी तोंडाकडं पाहत राहे. मी लवकर घरी आलो, तिच्यासाठी बांगड्या आणल्या, ते दिवस तिच्या ध्यानात राहतच नव्हते. बांगड्या पाहून एकदा म्हणाली, "आज काऊन आठवण झाली? काई लपवाचं असंल." उशिराचे दिवस मात्र तिले पाठ होते. भगताच्या बोलासंगं जे जुळे तेच तिले दिसे. बाकी डोळ्यासमोर असूनही दिसत नसे.

कवा कवा ती मुद्दाम टोचून पाहे. "जायाचं असंल तर जा, मी अडवत नाई." मी "जात नाई" म्हणावं, हे ऐकाले म्हणत होती, हे मले आता समजते. तवा मले वाटलं, ही मले हाकलून राह्यली. मी म्हटलं, "जाईन मंग!" तिचा चेहरा पांढरा पडला. पण मान अशी हलवली, जसं तिले ठाऊकच होतं.

घरात श्वास घेता येईना, म्हणून तेंदूपत्ता गोळा होते त्या फडीवर पोते भराले सिरोंच्याकडं गेलो. पानाचा हंगाम संपून फडी उठली तरी परतलो नाई. कोनत्या बाईच्या मागं नाई गेलो. फक्त तिथी मले कोनी चोरासारखं पाहत नव्हतं. गावात निरोप गेला, हा तिकडंच राह्यला. भगताचं खरं झालं.

पण ते तांदळानं झालं नाई. तिनं भ्यावं, भिऊन मले तपासावं, मी तपासण्याले वैतागून दूर सरावं, मी सरलो की तिचं भेव पक्कं व्हावं. बैलानं घाण्याभोवती फिरावं तसं आम्ही दोघं फिरलो. एकानं थांबून खरं विचारलं असतं, तर घाणा तिथीच थांबला असता. मेव्हणीनं हसून पहिल्याच दिवशी थांबवला.

ती बिमार पडल्याचं कळलं तवा मी आलो. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळ खाली चटई टाकून राह्यलो. एक दिवस चहा आणाले खाली गेलो. परत येतो तर तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं.

"चहा आणला," मी म्हटलं.

ती वळली. "गेले म्हणून समजली मी."

"चहाले गेलो होतो ना वं बाई."

तिनं माझा हात धरला, सोडला नाई. चहा थंडा झाला. मग मी तिले भगताचं विचारलं, मेव्हणीनं सांगितलंय म्हटलं. ती म्हणाली, "खरंच बोलला होता तो." मी म्हटलं, "मी इथी हाये." ती म्हणाली, "आता हायेत." त्यानंतर चार शब्द बोलाएवढी ताकद तिच्यात उरली नाई. डोळा उघडला की आधी चटईकडं पाहे. मी हाये का, एवढंच. शेवटपर्यंत तिची खात्री पटली का, मले माहीत नाई.

या फागुनात मोह फार पडला. मी एकटाच झाडाखाली गेलो. टोपल्या दोन्ही घरात होत्या. कोनती न्यावी, ते समजेना. शेवटी हातात काईच न घेता गेलो, आन् फुलं पडत होती ती पाहत बसलो.